पाठवून झालेल्या बिलातली चूक: दुरुस्ती अशी करावी की देणे किती हा प्रश्नच उरू नये

बिल ग्राहकाकडे पोहोचल्यानंतर त्यात रकमेची चूक सापडली की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. संगणकावर तेच बिल उघडतात, आकडा बदलतात, नवी पीडीएफ काढतात आणि “कृपया आधीच्या बिलाऐवजी हे घ्यावे” असे लिहून पाठवून देतात. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो, पण ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण आता त्यांच्याकडे एकाच क्रमांकाची, एकाच तारखेची आणि दोन वेगवेगळ्या रकमांची दोन बिले असतात. पहिले बिल कदाचित खरेदी विभागाकडून मंजूर होऊन नोंदवलेही गेलेले असते. दुसरे बिल नोंदवायला गेले की त्यांची प्रणाली हा क्रमांक आधीच आहे असे सांगून ते नाकारते. मग कोणी त्या क्रमांकाच्या शेवटी एखादे अक्षर जोडून ते नोंदवतो, आणि महिन्याभराने दोन्ही बिले देय यादीत उभी राहतात.

हा लेख भारतात जीएसटी नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी आहे, आणि त्यात मुख्यतः एकाच प्रकारच्या चुकीचा विचार केला आहे, तो म्हणजे खऱ्या रकमेपेक्षा जास्तीचे बिल गेले आहे आणि ते लक्षात येईपर्यंत ग्राहकाने ते नोंदवलेले आहे. एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

पुण्यातील एक भागीदारी संस्था कार्यालयांतील वातानुकूलन यंत्रांची देखभाल करते. ऑगस्ट 2025 मध्ये तिने एका कंपनीच्या कार्यालयातील 24 यंत्रांची सर्व्हिसिंग प्रत्येकी ₹1,500 दराने केली. 20 ऑगस्टच्या `AC/25-26/0147` या बिलात मात्र 24 ऐवजी 42 यंत्रे पडली. त्यामुळे बिलाची करपूर्व रक्कम ₹36,000 ऐवजी ₹63,000 झाली, 18 टक्के दराने जीएसटी ₹11,340 लागला आणि एकूण रक्कम ₹74,340 झाली. खरी एकूण रक्कम ₹42,480 असायला हवी होती. ही गोष्ट 3 सप्टेंबरला कंपनीच्या अकाउंट्स विभागातील बाईंनी फोन करून सांगितली. बिल त्यांच्याकडे नोंदवले गेले होते, पैसे अजून द्यायचे होते, आणि उधारीची मुदत 30 दिवसांची, म्हणजे 19 सप्टेंबरपर्यंत होती.

बिल रद्द करावे की क्रेडिट नोट द्यावी?

‘सुधारित बिल’ हा शब्द आपण सहज वापरतो, पण जीएसटी कायद्यात सुधारित बिलाची तरतूद प्रामुख्याने नव्याने नोंदणी झालेल्या व्यक्तीसाठी आहे. नोंदणी लागू झाल्याची तारीख आणि प्रमाणपत्र हाती पडण्याची तारीख यांच्या मधल्या काळात दिलेली बिले कररचनेत आणण्यासाठी ती वापरायची असते. एरवी बिलात रक्कम किंवा कर जास्त लागला असेल तर विक्रेत्याने क्रेडिट नोट द्यावी आणि कमी लागला असेल तर डेबिट नोट द्यावी, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम 34 सांगते. मूळ बिल तसेच राहते, त्याला हात लावला जात नाही. चूक आणि तिची दुरुस्ती या दोन स्वतंत्र कागदांवर, आपापल्या तारखांसह, कायम दिसत राहतात. ही व्यवस्था पहिल्यांदा किचकट वाटते, परंतु देणे किती याचे उत्तर कोणालाही केवळ कागद पाहून काढता यावे, हे त्याच व्यवस्थेमुळे शक्य होते.

बिल पूर्णपणे रद्द करून नवा क्रमांक देण्याचा मार्ग केव्हा मोकळा असतो, हे मात्र जाणून घेतले पाहिजे. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर गेल्यामुळे ई-इन्व्हॉइस लागू आहे, त्यांना पोर्टलवर नोंदवलेले बिल 24 तासांच्या आतच रद्द करता येते, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. ई-इन्व्हॉइस लागू नसलेल्या लहान व्यावसायिकांमध्ये अशी पद्धत आहे की, बिल विवरणपत्रात गेलेले नसेल आणि ग्राहकानेही ते नोंदवलेले नसेल, तर ते रद्द करावे, रद्द केलेला क्रमांक जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्रातील दस्तऐवजांच्या तक्त्यात ‘रद्द’ म्हणून दाखवावा आणि नव्या क्रमांकाचे बिल द्यावे. यातली दुसरी अट माझ्या मते पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. आपल्या उदाहरणात 3 सप्टेंबरला ऑगस्टचा जीएसटीआर-1 अजून भरायचा होता, कारण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी त्याची मुदत 11 सप्टेंबर असते, त्यामुळे बिल रद्द करण्याचा मोह होणे साहजिक होते. पण कंपनीने बिल मंजूर करून नोंदवले होते. आपण रद्द केलेले बिल त्यांच्या खात्यात जिवंत राहिले असते, आणि ते काढायला त्यांच्या हाती कोणताही कागद नसता. ग्राहकाने एकदा बिल नोंदवले की क्रेडिट नोटच द्यावी.

आता प्रश्न असा की क्रेडिट नोट पूर्ण ₹74,340 ची देऊन बरोबर रकमेचे नवे बिल द्यावे, की फक्त फरकाची द्यावी. चूक संख्येची किंवा दराची असेल तर फरकाचीच द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पूर्ण रक्कम उलटवली तर ग्राहकाकडे तीन कागद जमतात: जुने बिल, क्रेडिट नोट आणि नवे बिल. त्यांपैकी एखादा कागद मंजुरीसाठी अडकला की तेवढ्या काळात येणे एकतर शून्य दिसते किंवा दुपटीहून जास्त दिसते. शिवाय नव्या बिलाची तारीख नवी असते, त्यामुळे उधारीची मुदत नव्याने मोजायला निमित्त मिळते. फरकाची क्रेडिट नोट दिली तर मूळ बिल आणि त्याची मुदत दोन्ही कायम राहतात. पूर्ण उलटवणे योग्य ठरते ते चूक मुळातली असेल तेव्हा, म्हणजे बिल भलत्याच कंपनीच्या नावे गेले असेल, किंवा राज्यांतर्गत व्यवहारावर आंतरराज्य कर लागला असेल, तेव्हा. अशा वेळी वजा करून उरणारे काही बरोबर नसतेच.

क्रेडिट नोटवर काय असावे

संस्थेने 3 सप्टेंबरला `CN/25-26/009` ही क्रेडिट नोट काढली. क्रेडिट नोटची क्रमांकमालिका बिलांपासून वेगळी ठेवलेली बरी, म्हणजे क्रमांक पाहताच कागद कोणता ते कळते. नियमानुसार क्रमांक 16 अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा असावा लागतो. दोन्ही पक्षांची नावे, पत्ते, जीएसटी क्रमांक आणि सही यांखेरीज, ज्या बिलाविरुद्ध ही नोट आहे त्याचा क्रमांक व तारीख लिहिणे आवश्यक आहे. कायदा आता एका क्रेडिट नोटमध्ये अनेक बिलांची दुरुस्ती करू देतो, पण गोंधळ टाळायचा असेल तर एका बिलाला एकच नोट ठेवावी.

रकमेचा तपशील मूळ बिलाच्याच ओळीत लिहावा. “जास्त आकारणीबद्दल वजावट ₹31,860” एवढेच लिहिले तर ग्राहकाला त्यातून कर वेगळा काढता येत नाही. त्याऐवजी “वातानुकूलन यंत्र सर्व्हिसिंग: बिलात 42, प्रत्यक्ष 24, फरक 18 यंत्रे, दर ₹1,500, करपूर्व ₹27,000, केंद्रीय जीएसटी ₹2,430, राज्य जीएसटी ₹2,430, एकूण ₹31,860” असे लिहिले की पडताळणारा माणूस दुसऱ्या कोणाला न विचारता मंजुरी देऊ शकतो. कामाचा अहवाल किंवा सही घेतलेली सर्व्हिस शीट असेल तर तीही जोडावी, कारण 24 हा आकडा बरोबर असल्याचा पुरावा तीच आहे.

क्रेडिट नोट नुसती पाठवून चालत नाही. सोबतच्या पत्रात उरलेले देणे एकाच आकड्यात सांगितले पाहिजे, आणि तेही कर, कारण किंवा दिलगिरी यांच्या आधी. पत्र साधारण असे असावे:

> विषय: बिल क्र. `AC/25-26/0147`: देय रक्कम ₹42,480 (क्रेडिट नोट सोबत)
>
> स. न. वि. वि.
>
> आमच्या दि. 20 ऑगस्ट 2025 च्या उपरोक्त बिलापोटी आपल्याकडून येणे असलेली रक्कम ₹42,480 आहे. बिलात यंत्रांची संख्या 24 ऐवजी 42 लिहिली गेल्याने त्यात ₹31,860 जास्त लागले होते. त्या फरकाची क्रेडिट नोट क्र. `CN/25-26/009`, दि. 3 सप्टेंबर 2025, सोबत जोडली आहे.
>
> मूळ बिल कायम आहे. कृपया ते रद्द करू नये. या बिलाऐवजी दुसरे बिल दिलेले नाही व दिले जाणार नाही. देय दिनांक पूर्वीप्रमाणे 19 सप्टेंबर 2025 आहे.
>
> बिल ₹74,340, वजा क्रेडिट नोट ₹31,860, देय ₹42,480 (स्रोतावरील कर कपातीपूर्वी).
>
> क्रेडिट नोट नोंदवली गेल्याचे कृपया कळवावे. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत.
>
> कळावे.

यातील “दुसरे बिल दिलेले नाही व दिले जाणार नाही” हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात बरेच अकाउंट्स विभाग दुरुस्त बिलाची वाट पाहत पैसे थांबवून ठेवतात, आणि हे वाक्य ती वाट पाहणे थांबवते. पत्र ज्यांनी चूक कळवली त्यांना आणि ज्यांच्याकडून बिल मंजूर झाले त्यांना एकाच मेलमध्ये जावे. आधीच्या मेलच्या साखळीतच उत्तर दिले तर मूळ बिल आणि दुरुस्ती पुढेही एकत्र सापडतात.

आपल्या स्वतःच्या हिशेबातही एक जागा जपावी लागते. टॅलीत क्रेडिट नोटची नोंद करताना बिलवार तपशील विचारला जातो. तिथे `Agst Ref` निवडून 0147 या बिलावरच ती लावावी. घाईत `New Ref` किंवा `On Account` निवडले गेले तर खात्याची एकूण बाकी बरोबर दिसते, पण थकबाकीच्या यादीत 0147 समोर ₹74,340 तसेच राहतात आणि ₹31,860 वेगळ्या ओळीत लटकतात. मग पुढच्या महिन्यात कोणीतरी त्या यादीवरून स्मरणपत्र काढतो, ग्राहकाला पुन्हा ₹74,340 ची मागणी जाते, आणि आधी पाठवलेल्या पत्रावरचा विश्वासच उडतो.

विवरणपत्रातला एक महिन्याचा फरक

क्रेडिट नोट ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या विवरणपत्रात जाते. म्हणून आपल्या उदाहरणात ऑगस्टच्या जीएसटीआर-1 मध्ये बिल ₹63,000 चेच दाखवावे लागते, आणि 20 सप्टेंबरपर्यंत भरायच्या जीएसटीआर-3बी मध्ये त्यावरचा ₹11,340 करही धरावा लागतो. ₹27,000 ची क्रेडिट नोट सप्टेंबरच्या जीएसटीआर-1 मध्ये 9बी या तक्त्यात येते, जो 11 ऑक्टोबरपर्यंत भरायचा असतो. परिणामी ग्राहकाच्या जीएसटीआर-2बी मध्ये 14 सप्टेंबरला पूर्ण ₹11,340 चे इनपुट क्रेडिट दिसते आणि त्यातून ₹4,860 कमी होतात ते पुढच्या महिन्यात. या मधल्या महिन्यात त्यांचा मेळ बसत नाही आणि फोन येतो. पत्र पाठवतानाच “क्रेडिट नोट आमच्या सप्टेंबरच्या विवरणपत्रात दिसेल” एवढे एक वाक्य जोडले तर तो फोन वाचतो.

ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम सुरू झाली आहे, आणि तिच्यामुळे ग्राहकाला आधी कळवणे पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. आपण दाखवलेली क्रेडिट नोट ग्राहकाला तिथे दिसते आणि तो ती स्वीकारू किंवा नाकारू शकतो. नाकारली तर आपण कमी केलेला कर पुढच्या विवरणपत्रात आपल्याच देण्यात परत येतो. ग्राहकाने मूळ बिलावर घेतलेले क्रेडिट तेवढ्या प्रमाणात उलटवल्याखेरीज विक्रेत्याला कर कमी करता येणार नाही, ही अट 2025 च्या वित्त कायद्याने कलम 34 मध्ये आणखी स्पष्ट केली आहे. अनोळखी क्रेडिट नोट समोर दिसली की सावध अकाउंटंट ती नाकारतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. म्हणून क्रेडिट नोट नोंदवल्याचे ग्राहकाकडून आलेले लेखी उत्तर आपण जपून ठेवावे.

इथे एक ठळक फरक लक्षात घ्यावा. चूक बिलात आहे की केवळ विवरणपत्रात, हे आधी ठरवले पाहिजे. ग्राहकाला गेलेले बिल ₹36,000 चे बरोबर असेल आणि फक्त जीएसटीआर-1 मध्ये ₹63,000 टाइप झाले असतील, तर क्रेडिट नोट द्यायची नसते. त्यासाठी जीएसटीआर-1ए किंवा पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-1 मधील 9ए तक्ता आहे. ग्राहकाचे देणे तेव्हा बदललेलेच नसते, त्यामुळे त्याला रकमेबद्दल पत्र लिहिणे म्हणजे नसलेली शंका निर्माण करणे होय. उलट, बिलाच्या चुकीसाठी क्रेडिट नोटही दिली आणि 9ए मध्ये मूळ बिलाची रक्कमही घटवली, तर तोच फरक दोनदा वजा होतो. पुढे ग्राहकाचा मेळ बसत नाही तो बहुधा यामुळे.

पैसे आले, पण आकडा वेगळाच

कंपनीने पैसे दिले तेव्हा बँकेत ₹42,480 येणार नव्हतेच, कारण अशा कंत्राटी कामावर भागीदारी संस्थेला पैसे देताना कंपनी करपूर्व रकमेवर 2 टक्के स्रोतावर कर कापते. ₹36,000 वर ही कपात ₹720 होते आणि हाती ₹41,760 येतात. पण कपात बिल नोंदवताना किंवा पैसे देताना, जे आधी असेल तेव्हा, करायची असते. कंपनीने ऑगस्टमध्ये ₹63,000 ची नोंद करतानाच ₹1,260 कापून भरले असतील, तर बँकेत ₹41,220 च जमा होतील. ₹540 चा हा फरक पाहून पुन्हा पत्रव्यवहार सुरू करण्याआधी फॉर्म 26एएस पाहावा. तिथे ₹1,260 जमा दिसत असतील तर देणे पुरते फिटले आहे. जास्तीचे ₹540 आपल्याच नावे सरकारकडे आहेत, आणि ते कंपनीने पुढच्या कपातीत वळते करावेत की आपण आयकर विवरणपत्रात घ्यावेत, हे दोघांनी मिळून ठरवता येते. पत्रात “स्रोतावरील कर कपातीपूर्वी” हे शब्द घातले होते ते यासाठीच.

चूक कळण्याआधीच ग्राहकाने पूर्ण रक्कम दिली असेल तर क्रेडिट नोट तीच राहते, फक्त पत्रातला पहिला आकडा बदलतो. आता ग्राहकाचे आपल्याकडे येणे असते. ते परत पाठवणार की पुढच्या बिलात वळते करणार, हे ग्राहकाला विचारून एका वाक्यात लिहून घ्यावे. वळते करायचे ठरले तर पुढच्या बिलाची रक्कम मात्र कमी करू नये. पुढचे बिल त्याच्या पूर्ण रकमेचेच निघाले पाहिजे, आणि वजावट बिलाखालच्या स्वतंत्र ओळीत किंवा खातेउताऱ्यात दाखवावी. बिलातूनच ₹31,860 वजा केले तर त्या बिलावरचा कर चुकतो, आणि एका चुकीच्या बिलाची दोन होतात.

बिल कमी रकमेचे गेले असेल तर कागद डेबिट नोटचा असतो आणि रीत तीच असते: फरक तेवढाच, मूळ बिलाचा संदर्भ, एकूण देणे पहिल्या वाक्यात. तिथे अडचण हिशेबाची कमी आणि मंजुरीची जास्त असते, कारण वाढलेली रक्कम ग्राहकाच्या खरेदी आदेशात बसली पाहिजे. म्हणून डेबिट नोट काढण्याआधी फोनवर बोलून घ्यावे आणि मान्यता लेखी मिळाल्यावरच ती पाठवावी.

क्रेडिट नोटला मात्र कालमर्यादा आहे. ज्या आर्थिक वर्षात मूळ व्यवहार झाला, ते वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र आधी भरले असेल तर त्या तारखेपर्यंत, ती विवरणपत्रात दाखवता येते. ऑगस्ट 2025 च्या बिलासाठी ही शेवटची तारीख 30 नोव्हेंबर 2026 आहे. त्यानंतर चूक सापडली तर ग्राहकाचे देणे दोघांच्या संमतीने जीएसटी न लावता निव्वळ व्यापारी क्रेडिट नोट देऊन कमी करता येते, पण जास्तीचा भरलेला कर विक्रेत्याला या मार्गाने कमी करून मिळत नाही. तेव्हा वार्षिक विवरणपत्र भरण्याआधी मोठ्या ग्राहकांकडून खातेउतारा मागवून एकेक बिल जुळवून घ्यावे.